गच्चीचा एक्स्पान्शन जॉइंट मोकळा करताना : इंदूरच्या एका 64 मीटर लांब इमारतीच्या कामाच्या नोंदी

2 फेब्रुवारी

आमची सोसायटी तळमजला अधिक दोन मजल्यांची, 64 मीटर लांब आणि साधारण 11 मीटर रुंद. बरोबर मध्यावर एक्स्पान्शन जॉइंट आहे, म्हणजे तापमानाने होणारी वाढ-घट जिरवायला सोडलेली फट. खरं तर 32 मीटरच्या दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. मध्ये जुळे खांब, जुळ्या तुळया, आणि त्यांच्यात एक इंचाची फट. पाया मात्र दोघांचा एकच. तो तसा चालतो, कारण जमिनीखाली तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे तिथे हालचालही नसते.

हा जॉइंट दर पावसाळ्यात गळतो. आधी डांबर ओतून झालं, मग वॉटरप्रूफिंगवाल्याने वर पट्टा चिकटवला, नंतर आणखी कोणीतरी सिलिकॉन भरलं. प्रत्येक उपाय एखाद-दुसरा पावसाळा टिकला. सेक्रेटरी काकांनी या वेळी काम माझ्याकडे दिलं, कारण मी याच धंद्यात आहे आणि फुकट मिळतो.

पहिलं काम म्हणून जॉइंटच्या दोन्ही बाजूंना विटांची पाळ घालून गच्चीवर पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओल दिसली ती दुसऱ्या मजल्यावर नाही, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या लिंटेलपाशी, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटपाशी. फटीत शिरलेलं पाणी वाटेत जिथे अडथळा भेटतो तिथून बाहेर येतं. म्हणून ओलीच्या समोरची भिंत फोडू नका. आमच्याकडे त्या खिडकीपाशी आजवर तीनदा प्लास्टर झालंय, सगळं वाया.

4 फेब्रुवारी

जॉइंटवरचा थर उघडला. वरून खाली असं सापडलं : डांबरी मेंब्रेनचा सपाट पट्टा, मधोमध लांबीभर फाटलेला. त्याखाली सिमेंटचा मसाला. त्याखाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर, जॉइंटची पर्वा न करता सलग टाकलेला. आणि सगळ्यात खाली स्लॅबच्या फटीत थर्माकोल, विटांचे तुकडे, मसाल्याचे गोळे.

पट्टा का फाटला ते तिथेच बसून कळतं. फटीच्या दोन्ही काठांपर्यंत तो पक्का चिकटवला होता. मसाल्याला गेलेल्या तड्याची रुंदी असेल दोन मिलिमीटर. खालची फट हिवाळ्यात आणखी चार-पाच मिलिमीटर उघडते, तेव्हा तेवढं सगळं ताणणं त्या दोन मिलिमीटर मेंब्रेनवर येतं. असं दुप्पट-तिप्पट ताणणं दर वर्षी सोसायला हा डांबरी पट्टा बनलेला नसतो. माल चांगला होता, पण त्याला हलायला मोकळी लांबीच ठेवली नव्हती.

कठडाही सलग बांधलेला. जॉइंटपासून फूटभर बाजूला कठड्यात नागमोडी भेग आहे. बांधणाऱ्याने जॉइंट दिला नाही, म्हणून कठड्याने स्वतःचा शोधून घेतला.

8 फेब्रुवारी

फट खरोखर किती हलते ते मोजायचं ठरवलं. गच्चीच्या पातळीवरच्या जुळ्या तुळयांवर, जॉइंटच्या दोन्ही अंगांना स्टीलच्या खुंट्या इपॉक्सीने बसवल्या, एकमेकींपासून साधारण 150 मिलिमीटरवर. एक जोडी पुढच्या गॅलरीत, दुसरी मागच्या डक्टमध्ये. व्हर्नियरने सकाळी सूर्य वर यायच्या आत एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा अंतर घ्यायचं. स्लॅब हवेपेक्षा उशिरा तापतो, म्हणून दुपारी बाराला मोजलं तर आकडा कमी येतो.

मागच्या बाजूला सकाळ-दुपारचा फरक आला 1.9 मिलिमीटर. पुढच्या बाजूला 0.5.

एकच स्लॅब, एकच ऊन, आणि दोन टोकांना चौपट फरक. आधी मला व्हर्नियरवर शंका आली. दुसऱ्याचा मागून आणला, तरी तेच. म्हणजे पुढच्या बाजूला फटीत काहीतरी कठीण अडकलंय आणि दोन्ही इमारती तिथे एकमेकींना टेकल्यात.

हे वाचून कोणी असं काम काढणार असेल तर खुंट्यांचा हा प्रकार जरूर करा. खर्च शे-दोनशे रुपये, आणि भिंत न फोडता आत काय आहे ते कळतं.

11 फेब्रुवारी

सेक्रेटरी काकांनी विचारलं, "अरे, पण अडकलं तर अडकलं, गळती थांबली की झालं ना?" त्यांना दोन्ही टोकांच्या, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेलो.

स्लॅब तापला की आपल्या मध्यापासून दोन्ही बाजूंना वाढतो. 32 मीटरच्या ब्लॉकचा मध्य 16 मीटरवर, म्हणून त्याचं प्रत्येक टोक 16 मीटरच्या हिशेबाने सरकतं. जॉइंटवर दोन्ही ब्लॉक समोरासमोर येतात, म्हणून तिथे 16 अधिक 16, म्हणजे 32 मीटरचा हिशेब. माळव्यात गिट्टी काळ्या दगडाची, बेसाल्टची. अशा काँक्रीटचा प्रसरणांक दर अंशाला साधारण 0.000009 धरायचा. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत कोब्याखालच्या स्लॅबच्या तापमानात 30 अंशांचा फरक धरला, तर :

32,000 × 0.000009 × 30 = 8.6 मिलिमीटर

वर्षभरात फट एवढी उघडझाप करते. एका दिवसात स्लॅबचं तापमान सात अंश बदललं तर दोन मिलिमीटर. मागच्या बाजूचा 1.9 त्याच्याशी जुळतो.

आता जॉइंट अडकला तर दोन ब्लॉक मिळून 64 मीटरचा एक होतो आणि त्याचा मध्य जॉइंटवरच येतो. जी हालचाल जॉइंटमध्ये जिरायची ती इमारतीच्या दोन टोकांना जाते, तिथला सरकण्याचा हिशेब 16 वरून 32 मीटरवर, म्हणजे दुपटीवर. खालचे मजले सावलीत असतात, पाया जमिनीत धरलेला असतो, ते हलत नाहीत. वरचा स्लॅब सरकतो आणि खालची भिंत जागेवर राहते. मग स्लॅबखाली आडवी भेग पडते आणि टोकाच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी भेग जाते. टोकाच्या फ्लॅटमधल्या काकू म्हणाल्या, "दर दिवाळीला पुट्टी भरते आणि होळीपर्यंत भेग परत दिसते." भेगा पुढच्या बाजूच्या भिंतीत जास्त आहेत, मागच्या बाजूला जवळजवळ नाहीत. खुंट्यांचा आकडा हेच सांगत होता.

इथे एक शंका आधी फेडून घ्यावी लागते. इंदूरची जमीन काळी, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यानेही भिंतींना भेगा जातात. पण त्या बहुधा तळमजल्यापासून सुरू होतात आणि ऋतूबरोबर हळूहळू बदलतात. आमच्या भेगा फक्त वरच्या मजल्यावर आहेत आणि सकाळ-दुपार त्यांची रुंदी बदलते. भेगेवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढून दोन्ही वेळा पाहिली तरी पुरे.

काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस 456, त्यात 45 मीटरपेक्षा लांब बांधकामाला एक किंवा जास्त जॉइंट द्यावेत असं म्हटलंय. कागदावर आमच्या इमारतीने तो नियम पाळलाय. फक्त फट मोकळी ठेवायचं राहून गेलं.

17 फेब्रुवारी

पुढच्या बाजूला परांची बांधून तुळयांमधली फट साफ करायला घेतली. हत्यारं साधीच : 10 मिलिमीटरची सळई टोकाला चपटी ठोकून, जुनं हॅक्सॉ ब्लेड पट्टीला बांधून, लांब बिटचं ड्रिल आणि एक ब्लोअर. वरून विटांचे तुकडे, मसाला, शटरिंगची वाळवीने पोखरलेली फळी, एक गुटख्याची पुडी आणि न गंजलेला एक थापी-दांडा निघाला.

खांबाच्या जवळ मात्र सळई ठणकन वाजली. मिस्त्री म्हणाला, "साहब, ये फट नहीं है, ये तो दीवार है." टॉर्च मारून पाहिलं. ढलाईच्या वेळी मधली फळी तिथे तुटली असावी आणि काँक्रीटचं पाणी पलीकडे वाहून दोन्ही तुळया एकमेकींना चिकटल्या होत्या. साधारण दीड फूट लांबीचा आणि हाताच्या पंज्याएवढ्या उंचीचा तो गड्डा. त्याच्या कडांना काँक्रीट चुरगळून पापुद्रे निघालेले, म्हणजे इतकी वर्षं दर उन्हाळ्यात दोन्ही इमारती त्यावर रेटत होत्या.

तो काढायला ड्रिलने एकाला एक लागून भोकं पाडून मधला भाग छिन्नीने पाडायचा, एवढंच. पण दुपारी अडीचला बिट असा गच्च धरला गेला की मशीन फिरेना, काढायला गेलं तर येईना. कामगार पाण्याने, तेलाने खटपट करत राहिले, अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बिट हाताने निघाला. दुपारी फट मिटते आणि सकाळी उघडते, हे आम्हीच आठवड्यापूर्वी मोजलं होतं, पण कामाचं वेळापत्रक त्यावर बेतायचं कोणाला सुचलं नाही. त्यानंतर फोडकाम फक्त सकाळी दहापर्यंत.

खालच्या मजल्यांवरच्या फटीत खोलवर बसलेला थर्माकोल आम्ही काढला नाही. तो दबतो, अडवत नाही. कठीण तेवढं काढायचं. एका ओळंब्याला पातळ लाकडी पट्टी बांधून ती वरून सोडली आणि ती अडखळल्याशिवाय खाली गेली की तो भाग साफ समजायचा.

23 फेब्रुवारी

पुन्हा मोजलं. पुढच्या बाजूला सकाळ-दुपार फरक 1.7 मिलिमीटर, मागे 1.9. राहिलेला फरक कठड्याचा असणार, तो अजून सलग आहे.

26 फेब्रुवारी

गॅलरीतलं रेलिंग बघायचं राहिलं होतं. वरचा पाइप जॉइंटवरून सलग वेल्ड करून नेलाय आणि दोन्हीकडच्या उभ्या पाइपांच्या बेसप्लेटचे बोल्ट उपटून आलेत. एका प्लेटखाली करंगळी जाईल एवढी जागा. लहान मुलं जिथे लोंबकळतात ते हे रेलिंग.

पाइप जॉइंटवर कापला, आत कमी व्यासाचा फूटभर तुकडा घातला आणि तो एकाच बाजूला वेल्ड केला. दुसऱ्या बाजूला तो आत-बाहेर सरकतो. बेसप्लेट नव्या अँकरने बसवल्या. जॉइंट ओलांडणारी प्रत्येक गोष्ट अशी तपासावी लागते. आमच्याकडे आणखी एक पाण्याची लाइन आणि केबलचा पाइप निघाला. पाण्याच्या लाइनला लवचीक तुकडा घातला, केबलचा पाइप कापून मोकळा केला.

3 मार्च

कठडा कापला. डायमंड ब्लेडने दोन्ही बाजूंनी, खालच्या फटीच्या बरोबर रेषेत, 25 मिलिमीटर रुंद. जुन्या नागमोडी भेगेतून कापायचा मोह होतो, कारण तिथे अर्धं काम झालेलंच असतं. पण कठड्यातला जॉइंट स्लॅबच्या जॉइंटवरच यायला हवा, नाहीतर त्या फूटभर तुकड्याचा पाय एका ब्लॉकवर आणि डोकं दुसऱ्यावर राहतं. जुनी भेग नंतर शिवून घेतली.

9 मार्च

आता गच्चीवरचा मुख्य भाग. सपाट जॉइंट कितीही चांगल्या सीलंटने भरला तरी त्यावर पाणी उभं राहणार आणि सीलंट कधीतरी सुटणारच. म्हणून जॉइंटच पाण्याच्या वर उचलायचा : फटीच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची पाळ, तयार गच्चीपासून 150 मिलिमीटर उंच आणि 100 रुंद. प्रत्येक पाळ आपापल्या स्लॅबमध्ये 8 मिलिमीटरच्या सळया केमिकल अँकरने रोवून धरलेली. दोन पाळींच्या मध्ये फट कायम राहावी म्हणून ढलाईच्या वेळी थर्माकोलची पट्टी ठेवली आणि नंतर ती पूर्ण काढली.

इथे काम अडलं. आमच्या गच्चीचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, जॉइंट ओलांडून, आणि पावसाचे पाइप सगळे पूर्वेच्या ब्लॉकवर. पाळ बांधली की पश्चिमेच्या अर्ध्या गच्चीचं पाणी पाळीला येऊन तुंबणार. नकाशावर हे कोणी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीने पाळीला खालून दोन भोकं ठेवू म्हटलं, म्हणजे ज्यासाठी पाळ बांधतोय त्यावरच पाणी फिरवायचं. शेवटी पश्चिमेच्या बाजूला, पाळीच्या जवळच, कठड्याला कोअर कटिंग करून 110 मिलिमीटरचे दोन नवे पाइप काढले, एक पुढे, एक मागे. त्यांच्याकडे कोब्याचा उतार नव्याने द्यावा लागला. आठवडाभराचा उशीर आणि साडेनऊ हजारांचा वाढीव खर्च. अंदाजपत्रक करतानाच उतार तपासा.

17 मार्च

पाळी सुकल्या. मेंब्रेन गच्चीवरून गोलाई देऊन पाळीवर चढवलं आणि पाळीच्या डोक्यावर संपवलं. दोन्ही बाजूंचं मेंब्रेन वेगवेगळं, फटीवरून सलग नाही.

फटीत 300 मिलिमीटर रुंदीची ईपीडीएम रबराची पट्टी झोळीसारखी सोडली. दोन्ही पाळींच्या डोक्यावर कडा चिकटवल्या आणि मधला भाग फटीत दोन इंच खाली लोंबता ठेवला. फट उघडली की झोळी थोडी वर येते, मिटली की खाली जाते, रबर ताणलं जात नाही. वरचं झाकण कधी उडालं तरी पाणी या झोळीत पडेल आणि कठड्याच्या फटीतून बाहेर जाईल. त्यासाठी पट्टीची टोकं भिंतीच्या बाहेर इंच-दोन इंच काढून खाली वळवली, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता थेंबाथेंबाने खाली पडतं. पट्टी एकसंध आणली, मध्ये जोड नाही. सियागंज बाजारात दोन तुकडे जोडून द्यायला तयार होते, घेतले नाहीत.

वर 304 ग्रेडच्या स्टेनलेस पत्र्याची उलटी पन्हळ. ती फक्त पूर्वेच्या पाळीला स्क्रूने धरली, तेही पाळीच्या उभ्या अंगावर. वरून स्क्रू मारला की ते गळतीचं नवं भोक. पश्चिमेकडे पत्रा नुसता खाली लोंबतो, पाळीपासून 15 मिलिमीटर सुटा. फॅब्रिकेटरच्या पोराने सवयीने पश्चिमेच्या बाजूलाही स्क्रूची भोकं पाडली होती. तो पत्रा परत पाठवला. दोन्हीकडे धरलेला पत्रा एक तर स्क्रू उपटतो, नाहीतर मधून फुगतो.

20 मार्च

आता उभ्या भिंतींचे जॉइंट, पुढचा आणि मागचा मिळून साधारण 20 मीटर. इथे पाणी साचत नाही, म्हणून सीलंट चालतं. एक घटकी पॉलियुरेथेन घेतलं, 25 टक्के हालचाल सोसणारं. म्हणजे 25 मिलिमीटरच्या फटीत सव्वासहा मिलिमीटर उघडणं आणि तेवढंच मिटणं. आमची वर्षाची हालचाल साडेआठ, म्हणजे मध्यम तापमानाला भरलं तर दोन्हीकडे सव्वाचारच्या आसपास. बसतं. मे महिन्यात, फट सगळ्यात अरुंद असताना भरलं असतं तर साडेआठच्या साडेआठ ताणात गेले असते आणि पहिल्याच थंडीत सीलंट काठापासून सुटलं असतं. आधीचं सिलिकॉन पावसाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात भरलं होतं, असं जुन्या बिलावरून दिसतं.

आज मीटरभर नमुना भरला.

27 मार्च

नमुन्याची एक कड कापून 90 अंशांत ओढली. पट्टी सरळ निघून आली. सीलंटच्या पाठीला पांढुरक्या पापुद्र्याचा एकसारखा थर चिकटलेला होता. म्हणजे सीलंट फेल झालं नव्हतं, त्याने आपली पकड नीट धरली होती, पण ती धरली होती जुन्या रंगाला, आणि रंग भिंतीवरून सुटला.

मजुरांनी फटीच्या कडा तारेच्या ब्रशने घासल्या होत्या, ग्राइंडर लावला नव्हता. रंगाबरोबर काठाचं प्लास्टरही काही ठिकाणी पोकळ वाजतंय. तिथे ठोकून काढलं, लाकडी पट्टी लावून पॉलिमर मसाल्याने सरळ काठ घडवला. ते वाळायला हवं, म्हणून आणखी आठवडा गेला. मीटरभराच्या नमुन्यावर हे कळलं हे बरं. पूर्ण 20 मीटर भरून मग ओढून पाहिलं असतं तर आठ हजारांचा माल गेला असता.

4 एप्रिल

सीलंट भरलं. क्रम असा : कडा ग्राइंडरने उघड्या काँक्रीटपर्यंत किंवा पक्क्या प्लास्टरपर्यंत घासल्या, धूळ ब्लोअरने उडवली. फडक्याने पुसल्यास धूळ बारीक होऊन छिद्रांत बसते. मग 30 मिलिमीटरचा बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, बोथट लाकडाने आत दाबली. ती फटीपेक्षा जाड असावी लागते, नाहीतर सीलंटच्या दाबाने आत सरकते. टोकदार स्क्रूड्रायव्हरने दाबू नका. फोमला भोक पडलं की आतली हवा उन्हात बाहेर येते आणि सीलंटला फोड येतात.

रॉडची दोन कामं आहेत. सीलंटची खोली तो ठरवतो : 25 मिलिमीटर रुंदीला 12 खोली, म्हणजे निम्मी. जास्त भरलं म्हणजे जास्त मजबूत, हा समज चुकीचा आहे. जाड सीलंट ताणताना काठावर जास्त ओढ देतं. दुसरं काम, सीलंट रॉडला चिकटत नाही, फक्त दोन बाजूंना चिकटतं. तिसऱ्या बाजूला, म्हणजे तळाला, चिकटलं तर त्याला मधून मोकळं ताणता येत नाही आणि ते कोपऱ्यात फाटतं. जुन्या सिलिकॉनखाली रॉड नव्हताच, सरळ मसाल्यावर भरलं होतं.

25 बाय 12 म्हणजे मीटरला 300 मिलिलिटर. 600 मिलिलिटरच्या एका सॉसेजमध्ये, म्हणजे सीलंटच्या फॉइलच्या पुडक्यात, दोन मीटर. 20 मीटरला दहा, आणि फट कुठे 22 तर कुठे 28 आहे म्हणून चौदा आणले. तेरा लागले.

प्रायमर लावून तो डब्यावर लिहिल्याइतका वाळू दिला, दोन्ही काठांना मास्किंग टेप, मग गनने तळापासून भरत वर. सुरीने दाबून किंचित खोलगट केलं आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढला. वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. त्याआधी भिंतीवर रात्रीचा गारवा असतो, नंतर पुढची भिंत तापते. सीलंट सुकेपर्यंतची पहिली रात्र फट कमीत कमी हलावी म्हणून ढगाळ दिवस बघितला होता. ढग दुपारपर्यंत गेले.

12 एप्रिल

नवा नमुना ओढला. या वेळी काठापासून सुटला नाही, ओढता ओढता मधून तुटला. हवं होतं तेच.

हिशेब : मजुरी 58,000, पाळी-अँकर-मेंब्रेन 21,000, पत्रा घडवून 16,000, परांची 14,000, नवे पाइप 9,500, सीलंट-प्रायमर-रॉड 10,100, ईपीडीएम 6,000, कठडा कापणं 3,500. एकूण 1,38,100. सीलंट भरून देतो म्हणणाऱ्याचं कोटेशन 32,000 होतं. सभेत यावरून बरीच चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही.

24 मे

दुपारी पाचला, या मोसमातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांपैकी एक. मागच्या खुंट्या फेब्रुवारीतल्या सकाळपेक्षा 7.4 मिलिमीटर जवळ आल्यात. डिसेंबर-जानेवारीची पहाट आणखी थंड असते, तेव्हा हिशेबातले साडेआठ बरोबर वाटतात. भिंतीवरचं सीलंट मधोमध किंचित फुगून बाहेर आलंय, काठ पक्के. त्यावर रंगाऱ्याने भिंतीचा रंग फिरवला होता, तो रंग आडवा चुरगळलाय. रंग सीलंटबरोबर ताणला-दबला जात नाही. सीलंटवर रंग लावू नका, त्याच छटेचं सीलंट मागवा.

टोकाच्या फ्लॅटमधली भेग भरून दोन महिने झाले, पुढच्या बाजूला केसाएवढी रेघ परत आलीय. 16 मीटरची हालचाल त्या टोकाला राहणारच, ती जॉइंटने जात नाही. तिथे स्लॅबखालच्या आडव्या भेगेत पुट्टीऐवजी रंगवता येणारं लवचीक सीलंट भरायचं ठरलं.

8 जुलै

चांगले पाऊस झाले. लिंटेल कोरडा आहे. पश्चिमेच्या नव्या पाइपांपैकी मागच्या पाइपाचं तोंड एकदा पानांनी तुंबलं आणि पाळीच्या निम्म्यापर्यंत पाणी चढलं, तरी आत आलं नाही. तोंडाला जाळी बसवली.

डक्टमध्ये दुसऱ्या मजल्यावर ओल दिसली तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते. ईपीडीएमच्या टोकातून पाणी येतंय का ते पाहिलं, ते कोरडं होतं. पाऊस नसतानाही ओल वाढत होती. ती एका बाथरूमच्या नहाणी ट्रॅपची निघाली, प्लंबरला बोलावलंय.

पुढच्या खुंट्या काढू नका असं काकांना सांगितलंय. जानेवारीत, फट सगळ्यात रुंद असेल तेव्हा, पहाटे एकदा मोजायचं आणि सीलंटच्या काठावर नख फिरवून बघायचं.